घंटागाडी कोणत्या वारी येत नाही?

कचऱ्याच्या तक्रारीचे पत्र बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होते: ‘गेल्या अनेक दिवसांपासून आमच्या भागात घंटागाडी अनियमित येत आहे.’ पुढे दुर्गंधी, डास, भटकी कुत्री, ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले येतात, मग ‘वारंवार तोंडी सांगूनही’ येते आणि शेवटी आंदोलनाचा इशारा. खाली अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. पत्रातला शब्द नि शब्द खरा असतो, तरी ते बहुधा वाया जाते.

ते का वाया जाते, हे कळायला पत्राचा कार्यालयातला प्रवास पाहावा लागतो. आवक बारनिशीत नोंद होऊन पत्र सहायक आयुक्तांच्या टेबलावर जाते. तिथे कोपऱ्यात ‘आवश्यक कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि ते आरोग्य निरीक्षकाकडे उतरते. निरीक्षक त्या भागाच्या मुकादमाला फोन लावतो, मुकादम गाडीच्या चालकाला विचारतो. चालक सांगतो, ‘गाडी जाते साहेब रोज. परवा एक दिवस बंद होती.’ दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर येते, कोणीतरी तिचा फोटो काढतो आणि पत्रावर ‘कचरा उचलण्यात आला आहे’ असे लिहून ते नस्तीबंद होते. यात कोणी खोटे बोललेले नसते. ‘अनेक दिवस’ आणि ‘अनियमित’ या दोन शब्दांत तपासण्याजोगे काही नव्हते, म्हणून कोणी काही तपासले नाही, इतकेच.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एक दिवस गाडी चुकली तर फारसे बिघडत नसे, कारण गाडी दारात येतच नव्हती. कोपऱ्यावर कुंडी होती. घरातला कचरा तिथे टाकला की आपली जबाबदारी संपली. अल्मित्रा पटेल यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर 2000 साली देशात शहरी घनकचऱ्याचे पहिले नियम आले. त्यांच्या जागी 2016 साली आलेल्या नियमांनी झोपडपट्ट्यांसह प्रत्येक घरातून वर्गीकृत कचरा गोळा करणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरवली. महापालिकांनी ‘कंटेनरमुक्त’ शहराच्या घोषणा केल्या आणि कुंड्या उचलल्या. ते चांगलेच झाले, पण त्यामुळे मधली सोय गेली. आता गाडी चुकली की कचरा घरात राहतो, नाहीतर रात्री कोणीतरी गुपचूप वळणावरच्या डीपीजवळ ठेवून येतो. आठवड्याभरात त्या जागेला सवय लागते आणि पालिकेच्या कागदावर तिची ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणून नोंद होते. त्या जागेबद्दल रहिवाशांना दंडाची नोटीस येते, आणि गाडी का चुकली हा प्रश्न मागेच राहतो.

गाडी चुकण्याचे कारण बाहेरून दिसत नाही, पण तारखांवरून ओळखता येते. म्हणून पत्राआधी वही. चार आठवडे, रोज, एकाच माणसाने किंवा प्रत्येक इमारतीतल्या एकाने लिहिलेली. तिच्यात चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवायच्या: गाडी आलीच नाही, गाडी गेली पण थांबली नाही, ओला कचरा घेतला, सुका ठेवला, आणि गाडी आली पण अवेळी. बोलताना आपण या चारही गोष्टींना ‘गाडी येत नाही’ म्हणतो. कार्यालयाच्या दृष्टीने मात्र ही चार वेगळी प्रकरणे आहेत.

यांतली ‘गेली पण थांबली नाही’ ही नोंद सर्वांत मोलाची. बहुतेक मोठ्या महापालिकांनी कचऱ्याच्या गाड्यांना जीपीएस लावला आहे. तक्रार आली की निरीक्षक पडद्यावर गाडीचा मार्ग पाहतो, आणि गाडी तुमच्या गल्लीतून गेलेली दिसली की त्याच्यापुरते प्रकरण मिटते. गाडी गल्लीतून जाणे आणि गाडीने कचरा घेणे यांतला फरक ठिपक्यांच्या रेषेत सहज दिसत नाही. तो पाहायला गाडी कुठे किती मिनिटे थांबली, हे उघडून पाहावे लागते. तुमच्या नोंदीत ‘सकाळी 11.40, गाडी न थांबता गेली’ असे असेल, तर तो ती मिनिटे उघडून पाहतो. वेळ दिलेली नसेल तर कोण कशाला पाहील?

आता एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, पण प्रमाणे नेहमीच्या शहरी वस्तीत दिसतात तशीच आहेत. एका गल्लीच्या टोकाला प्रत्येकी 24 सदनिकांच्या चार इमारती आहेत, म्हणजे 96 घरे. चारही सोसायट्या स्वतंत्र नोंदणीच्या, पण त्यांचा मिळून एक रहिवासी संघ आहे. घंटागाडीला रविवारी सुटी. चार आठवड्यांत कामाचे दिवस 24. वहीत निघाले ते असे: 14 दिवस गाडी वेळेवर आली आणि सगळा कचरा घेऊन गेली. पाच दिवस आलीच नाही. तीन दिवस सुका कचरा ठेवून गेली. दोन दिवस दुपारी एकनंतर आली, तेव्हा इमारतींचे सफाई कामगार निघून गेले होते आणि डबे बाहेर काढायला कोणी नव्हते.

एवढ्यावर थांबलो तर ‘24 पैकी 10 दिवस गैरसोय’ असा एक चांगला ठसकेबाज आकडा हाती लागतो आणि बरेच संघ तिथेच थांबतात. खरी गंमत वार लिहिल्यावर दिसते. न आलेल्या पाच दिवसांपैकी तीन सोमवार होते. चौथ्या सोमवारी गाडी आली, पण उशिरा. सुका कचरा राहिलेले तिन्ही दिवस मंगळवार होते, आणि तेही नेमके गाडी न आलेल्या सोमवारांनंतरचे. उरलेले दोन खाडे तिसऱ्या आठवड्यातले, लागोपाठचे गुरुवार आणि शुक्रवार. त्याच आठवड्यात शनिवारी गाडी उशिरा आली. म्हणजे ‘अनियमितता’ नावाचा एक रोग इथे नव्हताच. दोन वेगळे होते: एक सोमवारचा, दुसरा बंद पडलेल्या गाडीचा.

सोमवारचा रोग समजायला गाडीच्या पोटाचा हिशेब करावा लागतो. गल्लीबोळांत फिरणारी छोटी टिपर घंटागाडी एका खेपेत साधारण 700 किलो मिश्र घरगुती कचरा नेते असे धरू. माणशी दिवसाला 400 ग्रॅम धरले तर चार माणसांच्या घरातून 1.6 किलो निघतो. या गाडीच्या वाट्याला 600 घरे असतील तर रोजचा कचरा 960 किलो. म्हणजे दोन खेपा, आणि दुसऱ्या खेपेत गाडी अर्धीही भरत नाही. सकाळी साडेसहाला सुरुवात, पावणेनऊच्या सुमारास गाडी भरते, मग हस्तांतरण केंद्रावर, म्हणजे पुण्यात ज्याला रॅम्प म्हणतात तिथे, जाऊन रांगेत थांबून, रिकामी होऊन सव्वादहापर्यंत परत. दुसरी खेप बारापर्यंत गोळा झाली की दीडपर्यंत चालक मोकळा होतो. पाळी दोनला संपते. मंगळवार ते शनिवार हे गणित बसते.

सोमवारी घराघरात दोन दिवसांचा कचरा असतो, म्हणजे 600 घरांचा 1,920 किलो. दोन खेपांत जातो 1,400 किलो. घरटी 3.2 किलो धरले तर साधारण 437 घरांनंतर दुसरी खेपही भरते. तिसऱ्या खेपेला पाळीत वेळ नाही. उरलेल्या 163 घरांकडे गाडी जात नाही, आणि आपली 96 घरे गल्लीच्या टोकाला असल्यामुळे नेमकी त्यांतच येतात. चालक आळशी नाही, मुकादम आकस धरून नाही. गाडी भरली, एवढेच.

मंगळवारचा सुका कचरा याच हिशेबातून निघतो. त्या दिवशी 437 घरांत एका दिवसाचा कचरा आहे, पण टोकाच्या 163 घरांत शनिवारी गाडी गेल्यानंतरचा सगळा, म्हणजे तीन दिवसांचा. बेरीज सुमारे 1,480 किलो होते, गाडीच्या दोन खेपांपेक्षा थोडीच जास्त. त्यात सुका कचरा वजनाला हलका पण जागा खाणारा. पार्सलचे खोके, थर्माकोल, पाण्याच्या बाटल्या यांनी गाडीचा सुक्याचा कप्पा ओल्याच्या आधी भरतो. मदतनीस ओला घेतो, कारण तो सडतो, आणि सुका ‘उद्या’ म्हणून ठेवतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केले असते.

हे गणित कागदावर उतरले की पत्राचा सूर आपोआप बदलतो, आणि मागणीही. ‘गाडी नियमित पाठवा’ ही मागणी सहायक आयुक्त पूर्ण करू शकत नाही, कारण तिच्यात नेमके काय करायचे ते नाही. ‘गाड्यांची संख्या वाढवा’ ही त्याच्या हातातच नाही. गाड्यांचे कंत्राट मुख्यालयात ठरते. पण ‘सोमवारी या मार्गावर दुपारची एक जादा खेप द्या’ हे त्याच्या टेबलावर होऊ शकते, कारण इतर मार्गावरची एखादी गाडी सोमवारी दीडला मोकळी होत असेल तर ती वळवण्याचा आदेश त्याच कार्यालयातून निघतो. काही संघ सुचवतात की सोमवारी गाडीची फेरी उलटी करा, टोकापासून सुरुवात करा. ऐकायला चतुर वाटते, पण त्याने कमतरता संपत नाही, फक्त दुसऱ्या टोकाच्या 163 घरांच्या दारात जाते. पुढच्या महिन्यात त्यांचे पत्र येईल.

पत्र पाठवण्यापूर्वी एक सापळा पाहून ठेवावा. 2016 च्या नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना ‘मोठे कचरा निर्माते’ या वर्गात टाकले आणि 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांच्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी घातली. आता आपल्या 96 घरांचा रोजचा कचरा होतो सुमारे 154 किलो. संघाने उत्साहात ‘आमच्या संकुलातून रोज दीडशे किलो कचरा पडून राहतो’ असे लिहिले, तर उत्तर येऊ शकते: ‘आपण मोठे कचरा निर्माते आहात, खतनिर्मिती प्रकल्प उभारून अहवाल सादर करावा.’ प्रत्यक्षात चार सोसायट्या स्वतंत्र आहेत आणि प्रत्येकीचा कचरा 38-40 किलोच आहे. म्हणून नोंदणी स्वतंत्र असल्याचे आणि प्रत्येक इमारतीचा कचरा किती हे पत्रातच सांगावे. आणि तुमचे संकुल खरोखरच त्या मर्यादेवर असेल, तर गाडीबद्दल भांडण्यापूर्वी खताचा खड्डा करावा. ती पळवाट शोधण्याची जागा नाही.

दुसरे ठरलेले उत्तर म्हणजे ‘आपल्याकडे वर्गीकरण होत नाही’. ते पुष्कळदा खरे असते. म्हणून वहीत पाचवा रकाना आपल्या स्वतःच्या चुकांचा ठेवावा: फाटकाला कुलूप होते, डबा वेळेत बाहेर आला नव्हता, ओल्यात सुका मिसळला होता. हे लिहायला जिवावर येते, पण हा रकाना असलेल्या तक्त्यावर निरीक्षक विश्वास ठेवतो, कारण त्याला तो रकाना मुकादमाकडून नाहीतरी कळणारच असतो.

आता पत्र. कार्यालयाचे नाव शहराप्रमाणे बदलते. मुंबईत वॉर्ड ऑफिस, पुण्यात क्षेत्रीय कार्यालय, नाशकात विभागीय कार्यालय, ठाण्यात प्रभाग समिती. पत्र मात्र सहसा सहायक आयुक्तांच्या पदनावाने जाते आणि प्रत घनकचरा व्यवस्थापन विभागाच्या उपायुक्तांना.

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
(प्रभाग / क्षेत्रीय कार्यालय)

विषय : सोमवारी कचरा न उचलला जाणे व पर्यायी गाडी न मिळणे याबाबत.

संदर्भ : दूरध्वनी तक्रार क्र. ... , दि. ...

महोदय,

आमच्या गल्लीच्या शेवटी चार स्वतंत्र नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था आहेत. प्रत्येक संस्थेत 24 सदनिका असून प्रत्येकीचा रोजचा कचरा सुमारे 38 किलो आहे. ओला व सुका कचरा वेगळा करून सकाळी 7 ते दुपारी 1 या वेळेत फाटकाजवळ ठेवला जातो. सॅनिटरी कचरा वेगळा गुंडाळून, खूण करून दिला जातो.

आम्ही चार आठवडे रोज नोंद ठेवली. तक्ता सोबत जोडला आहे. या काळातील कामाच्या 24 दिवसांपैकी 14 दिवस कचरा पूर्ण उचलला गेला. पाच दिवस गाडी आली नाही. तीन दिवस सुका कचरा राहिला. दोन दिवस गाडी दुपारी 1 नंतर आली. आमच्याकडून झालेल्या त्रुटी तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात दिल्या आहेत. वरील दहा दिवसांपैकी एकाही दिवशी त्या कारण नव्हत्या.

गाडी न आलेल्या पाच दिवसांपैकी तीन सोमवार आहेत. त्यानंतरच्या तिन्ही मंगळवारी सुका कचरा राहिला आहे. रविवारच्या सुटीमुळे सोमवारी दुप्पट कचरा होतो आणि मार्गाच्या शेवटी पोचण्याआधी गाडी भरते, असे आम्हांस वाटते. उरलेले दोन दिवस सलग गुरुवार-शुक्रवार आहेत. त्या वेळी गाडी नादुरुस्त असल्याचे व पर्यायी गाडी नसल्याचे सांगण्यात आले.

आमची विनंती पुढीलप्रमाणे आहे. दर सोमवारी या मार्गावर दुपारी एक जादा खेप द्यावी. गाडी नादुरुस्त झाल्यास कोणती गाडी येईल व रहिवाशांनी कोणाशी संपर्क साधावा हे लेखी कळवावे. मार्गाचे वेळापत्रक आम्हांस द्यावे. आरोग्य निरीक्षकांसमवेत एखाद्या सोमवारी संयुक्त पाहणी ठेवावी. संघाचे दोन प्रतिनिधी उपस्थित राहतील.

मार्गावरील चालक व मदतनीस यांच्याविषयी आमची तक्रार नाही.

आम्ही नोंद सुरूच ठेवत आहोत. पुढील चार आठवड्यांचा तक्ता आपल्याला सादर करू.

आपले विश्वासू,
अध्यक्ष / सचिव, रहिवासी संघ

सोबत : 1) दैनंदिन नोंदीचा तक्ता 2) चार संस्थांच्या नोंदणीच्या प्रती 3) तारीख-वेळ असलेली छायाचित्रे

प्रत : मा. उपायुक्त, घनकचरा व्यवस्थापन विभाग

पत्र एका पानात बसते. दुर्गंधी आणि डास यांचा उल्लेखही नाही, कारण ते निरीक्षकाला माहीत आहे. नियमांची कलमेही नाहीत. कलमांचे आकडे घातले की पत्राला वजन येते असा आपला समज असतो, पण नियम बदलतात, क्रमांक हलतात, आणि रद्द झालेले कलम उद्धृत केले तर सगळे पत्रच बेजबाबदार ठरते. कचरा उचलणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे हे सहायक आयुक्ताला शिकवावे लागत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम 63 त्याने परीक्षेला वाचलेले असते. कायदा हातात ठेवावा, पहिल्याच पत्रात काढू नये.

चालकाबद्दल तक्रार नाही हे वाक्य नुसत्या चांगुलपणाचे नाही. बऱ्याच शहरांत चालक आणि मदतनीस कंत्राटदाराकडे असतात. नाव घेऊन तक्रार झाली की पहिली आणि सर्वांत सोपी कारवाई म्हणजे त्याला दुसऱ्या मार्गावर टाकणे. नवा माणूस येतो, त्याला गल्ली माहीत नसते, पंधरा दिवस आणखी गोंधळ होतो, आणि सोमवारी गाडी तशीच भरते. चालकाने पैसे मागितले, शिवीगाळ केली, तर ती वेगळी तक्रार आणि तिचे पत्रही वेगळे.

पत्र हाताने नेऊन द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर निरीक्षकाला फोटो पाठवणे सोयीचे असते, त्या दिवशीचा कचरा त्याने उचललाही जातो, पण त्याची बारनिशीत नोंद होत नाही आणि पुढच्या महिन्यात संदर्भ द्यायला काही उरत नाही. नगरसेवकाला सांगणे हा जुना रस्ता आहे आणि तो चालतो. पण 2022 मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे त्या प्रशासकाच्या हाती राहिल्या, तेव्हा या रस्त्यावर अवलंबून असलेल्या वस्त्यांना शिक्क्याच्या प्रतीची किंमत कळली.

पत्रानंतर बहुधा पहिले दोन आठवडे उत्तम जातात. या काळात वही बंद करण्याचा मोह होतो आणि तिथेच घोटाळा होतो. दोन आठवड्यांची सुधारणा ही पुष्कळदा दुसऱ्या मार्गावरून उसनी घेतलेल्या गाडीची असते. ती गाडी परत गेली की सोमवार पुन्हा पहिल्यासारखा. सुधारणा टिकली की नाही हे पाचव्या-सहाव्या सोमवारी कळते.

तो सोमवारही चुकला तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्जासाठी शुल्क 10 रुपये, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘गाडी का येत नाही’ असे विचारू नये. ‘का’ला उत्तर देण्याचे बंधन नाही, कार्यालयात असलेला कागद द्यायचे आहे. म्हणून कागदच मागावेत: आपल्या मार्गावरच्या गाडीची लॉगबुक त्या चार आठवड्यांची, जीपीएसची थांब्यांसह नोंद, रॅम्पवरच्या वजनकाट्याच्या पावत्या, न आलेल्या दिवसांसाठी कंत्राटदाराला लावलेला दंड, आणि कंत्राटातले मोबदल्याचे कलम. उत्तर 30 दिवसांत द्यायचे असते, नाहीतर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील करता येते.

यांतल्या वजनाच्या पावत्या सर्वांत बोलक्या असतात. सोमवारच्या दोन्ही पावत्या गाडीच्या क्षमतेला टेकलेल्या असतील, तर आपला हिशेब बरोबर होता, गाडी खरेच भरत होती. पण सोमवारी दुसरी पावती अर्ध्या वजनाची असेल किंवा दुसरी पावतीच नसेल, तर प्रकरण वेगळे आहे: गाडी भरली नाही, ती लवकर सुटली. आणि वजन भरपूर असून आपल्या गल्लीत थांबा नसेल, तर मोबदल्याचे कलम वाचावे. कंत्राटदाराला टनावर पैसे मिळत असतील तर त्याला हॉटेले, मंडई आणि रस्त्यावरचे ढीग जास्त परवडतात. तिथे एका थांब्यात जे वजन मिळते ते गल्लीच्या टोकाला चाळीस डब्यांतून गोळा करावे लागते. अशा वेळी जादा खेप दिली तरी ती मंडईतच भरेल. मागणी मग जादा खेपेची करून उपयोग नाही, मार्गावरच्या थांब्यांच्या नोंदीवर मोबदला आणि दंड बांधण्याची करावी लागते, आणि ते पत्र सहायक आयुक्तांना नव्हे तर उपायुक्तांना जाते.

याच कागदांत आणखी एक आकडा सापडतो, आणि तो फारसे कोणी मागत नाही: निविदेत या मार्गावर किती घरे धरली होती. ज्या भागांत बंगले पाडून आणि जुन्या चाळी उतरवून टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, तिथे कंत्राटातली घरे आणि रस्त्यावरची घरे यांत अंतर पडलेले असते. मार्ग 400 घरांचा म्हणून आखलेला, आज तिथे 600 आहेत, गाडी तीच. कंत्राट चालू असताना हे बदलणे अवघड, कारण त्यासाठी पैसे वाढवावे लागतात आणि मंजुरी वर जाते. पण कंत्राटाला मुदत असते. ती संपण्याच्या सहा-आठ महिने आधी मुख्यालयात नव्या निविदेची घरसंख्या गोळा होऊ लागते, तेव्हा ती जुन्या कागदांवरून न उतरता प्रत्यक्ष मोजली जावी, यासाठी संघाने आपल्या गल्लीतल्या घरांची इमारतवार यादी उपायुक्तांकडे शिक्क्यासह देऊन ठेवावी. तिच्यासोबत वहीतले सोमवार जोडावेत.